पंप पाणी सोडतो तेव्हा हवा कुठून येते?

चैत्र-वैशाखात विहिरींचं पाणी तळाकडे सरकू लागलं की पंप दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार सारखी ऐकू येते. मोटार चालू होते, पाच-दहा मिनिटं चांगलं पाणी देते, मग पाइपातून फसफस आवाज येतो, धार तुटक होते आणि पाणी बंद. मोटार मात्र फिरतच असते. "हवा धरली" असं म्हणून लोक नरसाळ्यातून पुन्हा पाणी भरतात, पुन्हा बटण दाबतात आणि शेवटी विहिरीतून सगळा पाइप वर ओढून फूटव्हॉल्व्ह बदलतात. एवढा खर्च आणि एवढी मेहनत पुष्कळदा वाया जाते, कारण दोष फूटव्हॉल्व्हमध्ये नसतोच.

विहिरीवरचा साधा मोनोब्लॉक हा सेंट्रिफ्यूगल पंप असतो. आतला पंखा, म्हणजे इंपेलर, पाणी गरगर फिरवून बाहेर फेकतो आणि त्या फेकण्यातूनच दाब तयार होतो. आता इंपेलर जे काही फिरवेल ते तो ठरावीक उंचीपर्यंत चढवतो. पाणी 25 मीटर चढवणारा पंप हवाही 25 मीटरच 'चढवतो'. पण हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटींनी हलकी असल्यामुळे 25 मीटर हवेच्या स्तंभाचं वजन जेमतेम 3 सेंटिमीटर पाण्याएवढं भरतं. पंपाच्या पोटात हवा असेल तर तो विहिरीतलं पाणी फार तर बोटभर वर आणू शकेल. म्हणून सुरू करण्याआधी सक्शन पाइप आणि पंप पाण्याने भरून घ्यावा लागतो. त्यालाच प्राइम करणं म्हणतात.

दुसरी गोष्ट अशी की पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेलं वातावरण ते पाणी पाइपातून वर ढकलतं. समुद्रसपाटीला हा दाब 10.3 मीटर पाण्याएवढा असतो. नगर-पुण्याच्या पठारावर तो साडेनऊ मीटरच्या आसपास भरतो. पाइपातलं घर्षण आणि थोडी राखीव जागा सोडली तर पंप पाण्यापासून सहा-साडेसहा मीटरपेक्षा वर ठेवू नये. यातून शोधाच्या दृष्टीने एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. पंप चालू असताना पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तिथे भोक असेल तर पाणी बाहेर पडत नाही, हवा आत जाते. गळती चालू असते आणि पाइप बाहेरून कोरडा दिसतो. डिलिव्हरीच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसते, सक्शनची दिसत नाही. माणसं फसतात ती इथेच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: पंप पाणी केव्हा सोडतो, चालू असताना की बंद असताना? फूटव्हॉल्व्ह हा पाइपाच्या तळाचा एकमार्गी दरवाजा. पंप चालू असताना तो उघडाच असतो आणि पाणी त्यातून वर जात असतं. त्याची झडप झिजली, वायसर फाटला किंवा काडीकचरा अडकला तर पंप थांबल्यावर पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं आणि सकाळी पंप कोरडा सापडतो. पण पुन्हा भरून चालू केला की तोच पंप दिवसभर सुरळीत पाणी देतो. चालता चालता पाणी सोडणं हे गळक्या फूटव्हॉल्व्हचं लक्षण नाही. तसं होत असेल तर हवा चालू पाइपात कुठून तरी शिरते आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक आहे, तीन इंची लोखंडी सक्शन पाइप आहे आणि पंप सेकंदाला साधारण 8 लिटर पाणी देतो. पावसाळ्यानंतर पाणी पंपापासून 3 मीटर खाली होतं, आता ते 6 मीटरवर गेलं आहे. पंपाच्या साडेतीन मीटर खाली दोन पाइप जोडणारं कपलिंग आहे. त्याच्या आट्यांत गंज लागून एक मिलिमीटरचं भोक पडलं आहे.

हिवाळ्यात हे कपलिंग पाण्याखाली होतं. पंप चालू असताना भोकातून थोडं विहिरीचंच पाणी आत येई, त्याने काही बिघडत नसे. पंप थांबला की पाइपातलं पाणी त्याच भोकातून विहिरीत झिरपे आणि दुसऱ्या दिवशी पंप भरावा लागे. शेतकऱ्याने फूटव्हॉल्व्हला दोष दिला. लक्षण हुबेहूब तेच होतं, त्यामुळे त्याला चूक म्हणता येणार नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि कपलिंग उघडं पडलं. आता त्याच भोकातून हवा जाऊ लागली. एक मिलिमीटरच्या भोकातून इथे सेकंदाला अंदाजे 100 मिलिलिटर हवा आत शिरते. ती वर जाताना आणखी कमी दाबाच्या भागात येते आणि फुगते. पंपाच्या तोंडाशी ती तिप्पट, म्हणजे 300 मिलिलिटरच्या घरात जाते. आठ लिटर पाण्यात हे प्रमाण शेकडा चारच्या जवळपास झालं. एवढ्या हवेने पंपाची ताकद कमी होते आणि पाणी कमी येऊ लागतं. पाणी कमी झालं तरी हवा तेवढीच येत राहते, म्हणून तिचं प्रमाण वाढत जातं. हवा जड पाण्यासारखी कडेला फेकली जात नाही, ती इंपेलरच्या मध्यभागी साठते. शेकडा दहाच्या आसपास पोचली की साधा पंप पाणी सोडून देतो. सुईएवढ्या भोकाने पाच हॉर्सपॉवरचा पंप अडतो तो असा.

हे भोक शोधायचं कसं? पहिली आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी तपासणी पंप बंद करून होते. विहिरीवरच्या पुष्कळ पंपांना डिलिव्हरीत वेगळा एकमार्गी व्हॉल्व्ह नसतो. अशा वेळी पंप चांगलं पाणी देत असताना, म्हणजे धार तुटायच्या आधीच, बटण बंद करावं. वर चढलेल्या डिलिव्हरीतलं सगळं पाणी आता फूटव्हॉल्व्हवर टेकतं आणि सक्शन पाइपातला दाब उलटतो. डिलिव्हरी 15 मीटर वर चढत असेल तर आपल्या कपलिंगवर आतून साडेअठरा मीटरचा दाब येतो. जो पाइप मघाशी हवा ओढत होता तो आता पाणी बाहेर टाकतो. मोठं भोक असेल तर बारीक फवारा दिसतो. बारीक चिरेसाठी पाइप आणि सांधे फडक्याने पुसून त्यांवर कोरडी राख किंवा खडूची पूड लावावी, ओल लगेच उमटते. विहिरीच्या आत अंधार असतो आणि भोक भिंतीच्या बाजूला असू शकतं, म्हणून बॅटरीच्या उजेडात पाइपाला पूर्ण वळसा घालून पाहावं. पाण्याखालचा भाग तपासायची गरज नाही, तिथून हवा येत नाही.

डिलिव्हरीत एकमार्गी व्हॉल्व्ह असेल किंवा फूटव्हॉल्व्ह पाणी धरतच नसेल तर ही युक्ती चालत नाही. मग पंप चालू ठेवून शोधावं लागतं. साबणाचे फुगे इथे कामाचे नाहीत, कारण हवा बाहेर येत नसून आत जाते. त्याऐवजी संशयाच्या सांध्यावर ओल्या मातीचा जाड लेप द्यावा किंवा ग्रीस थापावं. एका वेळी एकच सांधा घ्यावा आणि दोन-तीन मिनिटं डिलिव्हरीकडे लक्ष ठेवावं. हवा येत असताना पाणी दुधासारखं पांढरट दिसतं आणि भांड्यात ठेवलं की खालून वर नितळ होत जातं. लेप बरोबर जागी बसला की ही पांढरी झाक जाते, धारेचे गचके थांबतात आणि पंपातला खडखडाट कमी होतो. सुरुवात पंपाच्या तोंडापासून करावी, कारण दाब सर्वांत कमी तिथे असतो आणि तिथली फट सर्वांत जास्त हवा ओढते.

पंपाची ग्लँड ही जागा नेहमी नजरेतून सुटते. शाफ्ट जिथे बाहेर पडतो तिथे ग्लँड दोरी भरलेली असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे, त्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. पंप चालू असताना एकही थेंब पडत नसेल तर एक शक्यता म्हणजे दोरी फार आवळलेली आहे, दुसरी म्हणजे तिथून हवा आत जाते आहे. तांब्याभर पाणी ग्लँडवर सावकाश ओतावं. पाणी आत ओढलं गेलं आणि धार सुधारली तर दोष सापडला. मेकॅनिकल सील असलेल्या पंपातही झिजलेल्या सीलमधून हवा येते. ही तपासणी करताना पाणी मोटारीच्या बाजूला उडू देऊ नये.

आपल्या उदाहरणात राखेची ओल कपलिंगवर उमटेल. तात्पुरता इलाज म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळली तर बाहेरची हवाच तिला भोकावर दाबून धरते आणि हंगामाची पाळी निभावते. पण गंजलेल्या आट्या पुढे आणखी खातात, म्हणून कपलिंग बदलणं हाच खरा इलाज. तोवर ऑटो स्टार्टर बंद ठेवावा. रात्री वीज आल्यावर पंप आपोआप सुरू झाला आणि त्याने पाणी सोडलं तर तो सकाळपर्यंत कोरडा फिरतो. आतलं उरलेलं पाणी उकळतं, सील जळतं आणि दहा रुपयांच्या रबरी पट्टीचं काम हजारांवर जातं.

सगळे सांधे कोरडे निघाले आणि तरीही हवा येत असेल तर विहिरीच्या पाण्यात डोकावावं. पातळी उतरून फूटव्हॉल्व्हवर वीतभरच पाणी राहिलं असेल तर पृष्ठभागावर भोवरा पडतो आणि त्याच्या नळीतून हवा थेट जाळीत जाते. फूटव्हॉल्व्हवर निदान दोन-तीन फूट पाणी हवं. पाइप आणखी खाली सोडता येत नसेल तर भोवऱ्याच्या जागी लाकडी फळी तरंगत ठेवली तरी तो मोडतो. आडवा सक्शन पाइप पंपाकडे किंचित चढता आहे ना, हेही पाहावं. मध्ये कुठे उंचवटा असेल तर पाण्यातून सुटलेली हवा तिथे साठते आणि एकदम पंपात येते. अशा वेळी गळती कुठेच नसते.

दुरुस्ती झाल्यावर पंपाच्या तोंडाशी एक व्हॅक्यूम गेज बसवून घ्यावं. पाणी 6 मीटर खाली असेल आणि घर्षणाचे अर्धा-पाऊण मीटर धरले तर काटा पाऱ्याच्या 48 ते 50 सेंटिमीटरवर स्थिर राहायला हवा. त्या दिवसाची पाण्याची पातळी आणि हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढे पातळी तीच असताना काटा वर चढला तर जाळी तुंबली आहे. काटा खाली येऊन थरथरू लागला तर हवा शिरते आहे, आणि पंप पाणी सोडायच्या आधीच राखेचा डबा बाहेर काढायची वेळ झाली आहे.