न थांबणारी खाज आणि चार मिलिमीटरचा तुकडा

साठी ओलांडलेली बाई. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. मायांगाच्या बाहेरच्या त्वचेला रात्री इतकी खाज सुटते की झोप मोडते. दुकानातून गजकर्णाचं मलम आणलं जातं. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. डॉक्टरांकडेही ती ‘खाज येते’ एवढंच पुटपुटते आणि न तपासताच औषध लिहून दिलं जातं. अशी दोन-तीन वर्षं जातात. हे कुणा एकीचं चित्र नव्हे; योनिमुखाच्या कर्करोगाचं निदान उशिरा होतं, ते बहुतेकदा याच वाटेनं.

हा कर्करोग दोन रस्त्यांनी येतो. एक एचपीव्ही या विषाणूचा. त्यातून होणारे कर्करोगपूर्व बदल तुलनेनं कमी वयात दिसतात आणि सावकाश पुढे सरकतात. दुसऱ्या रस्त्याशी या विषाणूचा संबंध नसतो. तिथे मूळ असतं लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा जुनाट दाह. त्वचा पांढरी, पातळ, सुरकुतलेल्या कागदासारखी होते, चिरा पडतात. या आजाराच्या शंभरपैकी पाचहून कमी बायकांना पुढे कर्करोग होतो. पण या वाटेवरची कर्करोगपूर्व अवस्था फार काळ थांबत नाही. ती कर्करोगाकडे लवकर वळते.

म्हणून काही खुणा दिसल्या की मलम बदलत बसायचं नाही. आठवड्यांमागून आठवडे न थांबणारी खाज किंवा आग, पांढरा, लाल वा काळपट जाडसर चट्टा, चामखिळीसारखी वाढ, न भरणारी जखम, रक्त येणं, जांघेत गाठ. आरसा आणि उजेड घेतला तर यातलं बरंचसं घरीच दिसतं. गर्भाशयमुखाची पॅप चाचणी चांगली आली म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण त्या चाचणीत ही त्वचा तपासलीच जात नाही.

निदान नुसत्या नजरेनं होत नाही, बायोप्सीच लागते. ‘तुकडा काढायचा’ म्हटलं की पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात ते दवाखान्यातलं काही मिनिटांचं काम आहे. बारीक सुईनं जागा बधिर करतात. हीच टोचणी काय ती दुखते. मग पेन्सिलच्या टोकाएवढ्या गोल पात्यानं तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, गरज पडली तर एखादा टाका. तुकडा जखमेच्या मधल्या सडक्या भागातून न घेता कडेचा किंवा सर्वांत जाड जागेचा हवा, आणि पुरेसा खोल हवा. चट्टे अनेक असतील तर तुकडेही अनेक. लायकेनमधून होणारे सुरुवातीचे बदल सूक्ष्मदर्शकाखालीही हुलकावणी देतात. त्यामुळे अहवाल ‘कर्करोग नाही’ असा आला, पण जखम भरत नसेल, तर पुन्हा बायोप्सी करावी लागते.

खोली महत्त्वाची, कारण पुढचा सारा हिशेब एका मिलिमीटरवर फिरतो. वर सांगितलेल्या बाईच्या अहवालात दीड सेंटिमीटरची गाठ आणि अर्धा मिलिमीटर शिरकाव निघाला, असं धरू. तर भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह गाठ काढली की बहुधा भागतं. जांघेतल्या लसीका गाठींना हात लावावा लागत नाही. शिरकाव एक मिलिमीटरहून जास्त असेल तर त्या गाठी तपासाव्या लागतात. पूर्वी दोन्ही जांघांतल्या सगळ्या गाठी काढत, आणि अनेकींच्या पायांना कायमची सूज राही. आता लहान, एकाच जागी असलेल्या कर्करोगात रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिली राखणदार गाठ शोधतात. ती स्वच्छ असेल तर बाकीच्या वाचतात. आजार पसरला असेल तर किरणोपचार, सोबत केमोथेरपी.

कर्करोगपूर्व अवस्थेत उपचार आणखी सौम्य. विषाणूच्या वाटेवरचे बदल शस्त्रक्रियेनं, लेसरनं, काही जणींत इमिक्विमॉड मलमानंही घालवता येतात. लायकेनच्या वाटेवरचे मात्र कापूनच काढावे लागतात.

योनीच्या आतला कर्करोग याहून दुर्मीळ. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून पाण्यासारखा वास येणारा स्राव, ही त्याची लक्षणं. गर्भाशय काढलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, विशेषतः गर्भाशयमुखात आधी कर्करोगपूर्व बदल झाले असतील तर. इथे दुर्बिणीतून पाहत व्हिनेगरसारखं द्रव्य आणि आयोडीन लावून संशयित जागा शोधतात आणि तिथला तुकडा घेतात. मूत्राशय आणि गुदाशय अगदी लगत असल्यानं कर्करोगावर बहुतेकदा किरणोपचारच केले जातात.

लायकेन असलेल्या ५०७ बायकांचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडचं मलम सांगितल्याप्रमाणे नियमित लावणाऱ्या ३५७ जणींत कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था एकीलाही झाली नाही. अनियमित लावणाऱ्या १५० पैकी सात जणींना झाली. खाज थांबली तरी हे मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं, आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाईलाही ठरल्या मुदतीनं तपासणीला यावं लागतं, कारण उरलेल्या त्वचेत तोच दाह असतो.