वाहक लहर गाळल्यावर नेमकं काय वाचतं?

मीडियम वेव्हवरचा निवेदक बोलता बोलता थांबला, तरी प्रक्षेपकाचा वीजखर्च थांबत नाही. वाहक लहर, म्हणजे कॅरिअर, तेवढ्याच जोरात अँटेनातून बाहेर पडत राहते. तिच्यात बातमी नसते, गाणं नसतं. आवाज असतो तो तिच्या दोन्ही बाजूंना तयार होणाऱ्या साइडबँडमध्ये. १००० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर २ किलोहर्ट्झचा सूर चढवला, की ९९८ आणि १००२ किलोहर्ट्झवर दोन नव्या लहरी उमटतात. एक सूर, त्याच्या दोन प्रती.

आता हिशेब मांडू. वाहक लहर १०० वॅटची आहे आणि सूर पूर्ण जोरात चढवला आहे. तेव्हा प्रत्येक साइडबँडला २५ वॅट मिळतात आणि एकूण खर्च १५० वॅट होतो. नुसती वाहक लहर काढली तर ५० वॅट उरतात, म्हणजे दोन तृतीयांश बचत. या प्रकाराला डीएसबी म्हणतात. एक साइडबँडही काढली तर २५ वॅट उरतात. ही एसएसबी, आणि पाठ्यपुस्तकातली ८३ टक्के बचत ती हीच.

या ८३ टक्क्यांकडे मात्र जरा संशयाने पाहावं. डीएसबीच्या दोन्ही प्रती रिसीव्हरमध्ये नीट जुळल्या तर त्यांची बेरीज होते. लहरीची उंची दुप्पट होते, म्हणजे आवाजाची शक्ती चौपट. पट्टा दुप्पट रुंद असल्यामुळे खरखरही दुप्पट शिरते. निव्वळ फायदा दुपटीचा. ५० वॅटची डीएसबी ५० वॅटच्या एसएसबीइतकीच स्वच्छ ऐकू येते. २५ वॅटच्या एसएसबीची तिच्याशी बरोबरी होत नाही. थोडक्यात, विजेची खरी बचत वाहक लहर काढण्यात आहे. दुसरी साइडबँड काढल्यावर वाचते ती हवेतली जागा.

वाहक लहर काढण्याचं काम बॅलन्स्ड मॉड्युलेटर करतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी हौशी रेडिओवाल्यांसाठी बेतलेला बिटएक्स-२० हा घरी बांधण्याजोगा संच त्यासाठी चांगला नमुना आहे. त्याच्या मॉड्युलेटरमध्ये डायोडची जोडी असते. वाहक लहर दोन्हीकडून उलटसुलट येते आणि तराजूच्या पारड्यांसारखी एकमेकींना तोलून नाहीशी होते. बोलल्यावर हा तोल आवाजाच्या चालीने ढळतो आणि फक्त साइडबँड बाहेर पडतात. डीएसबी इथेच तयार झाली.

दोन डायोड मात्र कधीच हुबेहूब सारखे नसतात, म्हणून थोडी वाहक लहर गळतेच. गळती ओळखायची तर माइकसमोर गप्प बसून शेजारच्या एसएसबी रिसीव्हरवर ऐकायचं. अखंड शिट्टी ऐकू आली, तर प्रीसेट आणि ट्रिमर आळीपाळीने फिरवून ती कमीत कमी करायची.

एक बाजू काढायला फिल्टर लागतो. या संचात वाहक लहर १० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. मानवी आवाज ३०० हर्ट्झपासून धरला तर दोन साइडबँडमध्ये जेमतेम ६०० हर्ट्झची फट राहते. एक कोटी हर्ट्झच्या ठिकाणी एवढ्या फटीत कातरी चालवणं कॉइल-कपॅसिटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून बाजारात स्वस्तात मिळणारे क्रिस्टल एकसारखे निवडून ओळीने जोडतात. त्यातून वरची बाजू जाते, खालची अडते. मग ४ मेगाहर्ट्झची लहर मिसळून सगळं १४ मेगाहर्ट्झवर नेतात. वाहक लहर फिल्टरच्या कडेपासून फार लांब ठेवली तर आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. फार आत सरकवली तर नको असलेली बाजूही बाहेर डोकावते.

फिल्टरशिवायही एसएसबी बनते. दोन बॅलन्स्ड मॉड्युलेटर घ्यायचे आणि दुसऱ्याला आवाज व वाहक लहर दोन्ही पाव आवर्तन मागे करून द्यायचे. बेरीज केली की एक बाजू दुप्पट होते, दुसरी मिटते. ३०० ते ३००० हर्ट्झच्या प्रत्येक सुराला अचूक पाव आवर्तन मागे सारणं हेच यातलं अवघड काम. पूर्वी त्यासाठी मोजूनमापून निवडलेले रेझिस्टर-कपॅसिटर लागत. आता ते गणित संगणकीय चिप करते.

वाहक लहर पाठवली नाही, तरी रिसीव्हरला ती स्वतः तयार करावी लागते. एसएसबीमध्ये तीस-चाळीस हर्ट्झची चूक झाली तर आवाज किंचित बदलतो, शब्द कळतात. डीएसबीमध्ये कला चुकली, तर दोन प्रती एकमेकींना खोडतात आणि आवाज उसळत-बुडत राहतो. म्हणूनच स्टिरिओ एफएममध्ये ३८ किलोहर्ट्झवर डीएसबी पाठवताना सोबत १९ किलोहर्ट्झचा बारीक खुणेचा सूरही पाठवतात. रिसीव्हर तो दुप्पट करून हरवलेली वाहक लहर जुळवतो. मीडियम वेव्हच्या स्वस्त रेडिओत असली कोणतीच सोय नसते. लाखो श्रोत्यांचे रिसीव्हर साधे राहावेत म्हणून तिथे एकच प्रक्षेपक सगळ्यांच्या वतीने ती वीज जाळतो, आणि हा सौदा अजूनही शहाणपणाचाच आहे.