पैसे परत करावे लागले, म्हणून करार झाला होता का?

जळगाव-धुळ्याकडे जेएमएफसीची, म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची, तयारी करणारी मुलं करार कायद्यात एका प्रश्नावर हमखास अडखळतात. अज्ञानाने केलेला करार शून्य की शून्यकरणीय, एवढंच विचारलं तर ‘शून्य’वर टिक करायला त्यांना क्षणही लागत नाही. त्याच प्रश्नाला पैसे परत करण्याचा पर्याय चिकटवला की हात थबकतो. ‘परत करावे लागतात, म्हणजे काहीतरी करार होताच की,’ असा उलटा हिशेब मनात सुरू होतो आणि टिक ‘शून्यकरणीय’वर जाते. हा घोळ मुलांच्या आळसातून आलेला नाही. न्यायालयांनाही तो सोडवायला शंभराच्या आसपास वर्षं लागली.

1872 च्या करार कायद्याचं कलम 11 सांगतं की करार करायला माणूस सज्ञान असावा लागतो. नसला तर काय, हे ते स्पष्ट सांगत नाही. त्यामुळे तीस वर्षं उच्च न्यायालयांत मतं वेगवेगळी होती. इंग्रजी कायद्याच्या वळणाने ‘अज्ञानाला हवं तर टाळता येईल’ अशी समजूत बरीच रुळली होती. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती मोडली. तो निकाल कलकत्त्याच्या खटल्याचा होता, मोहोरी बीबी विरुद्ध धरमदास घोष.

या खटल्यातल्या तारखा बघण्यासारख्या आहेत. 20 जुलै 1895 ला धरमदासने ब्रह्मो दत्त या सावकाराला घरं गहाण लिहून दिली. दस्तात 20,000 रुपये आणि 12 टक्के व्याज होतं. प्रत्यक्षात किती पैसे हातात पडले यावर वाद होता. सावकाराच्या वतीने सगळं पाहणारा केदारनाथ मित्तर याला मुलगा अज्ञान असल्याचं पत्र आईच्या वकिलाकडून पाच दिवस आधीच मिळालं होतं. तरीही त्याने मुलाकडून सज्ञान असल्याचं लेखी घेतलं. सप्टेंबरमध्ये आईने मुलाच्या वतीने गहाणखत रद्द करण्याचा दावा लावला. सावकार वारला, त्याच्या बाजूने मोहोरी बीबी पुढे आली.

प्रिव्ही कौन्सिलने तीन गोष्टी ठरवल्या, आणि परीक्षेतले बहुतेक सापळे याच तिन्हींत आहेत. कलम 64 चालणार नाही, कारण ते शून्यकरणीय करारासाठी आहे आणि इथे मुळात करारच झालेला नाही. कलम 65 चालणार नाही, कारण करार करायला पात्र असलेल्या दोघांमध्ये व्यवहार झाला आणि तो नंतर शून्य निघाला, असं ते गृहीत धरतं. आणि 1877 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 41 खाली न्यायालय भरपाई द्यायला सांगू शकतं, पण सांगेलच असं नाही. सावकाराला वय ठाऊक होतं, म्हणून त्याला काही मिळालं नाही. पाठांतर करणाऱ्यांची गफलत या तिसऱ्या गोष्टीत होते. ‘अज्ञानाकडून पैसे कधीच परत मिळत नाहीत’ असं त्या निकालात म्हटलेलंच नाही.

पुढची साठ वर्षं वाद रंगला तो खोटं वय सांगणाऱ्या पोरांवरून. मुंबई उच्च न्यायालयाचा जुना कल अशा मुलाचं तोंड एस्टॉपेलने बंद करण्याकडे होता. 1931 मध्ये गदिगेप्पा विरुद्ध बाळनगौडा या प्रकरणात पूर्ण पीठाने तो बाजूला सारला: खोटं बोलला तरी अज्ञानाला ‘मी अज्ञान होतो’ असं म्हणता येतं. पैशाचा प्रश्न मात्र उरलाच. लाहोरच्या पूर्ण पीठाने 1928 च्या खान गुल प्रकरणात सांगितलं होतं की मुलगा प्रतिवादी असला तरी न्यायबुद्धीने किंमत परत करायला लावता येते. अलाहाबादच्या पूर्ण पीठाने 1937 मध्ये याच्या उलट भूमिका घेतली. तेव्हाचा विद्यार्थी कोणत्या उत्तरावर टिक करत असेल, देव जाणे.

वाद मिटवला तो 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 33 ने. गाईड चाळणारे इथवर येतच नाहीत. ते 1903 ला थांबतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यावल तालुक्यातला सतरा वर्षांचा मुलगा, वडील नाहीत, केळीची जमीन त्याच्या नावावर. त्याने एका व्यापाऱ्याकडून दोन लाख घेऊन जमीन गहाण लिहून दिली. दीड लाखाचं ठिबक बसवलं, पन्नास हजार मित्रांसोबत उडवले. व्यापाऱ्याने वसुलीचा दावा लावला आणि मुलाने ‘मी अज्ञान होतो’ असा बचाव यशस्वीपणे घेतला, तर कलम 33(2)(ब) लागतं. त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला, तेवढाच परत करायला न्यायालय सांगू शकतं. ठिबक शेतात दिसतंय. उडवलेल्या पन्नास हजारांचा मालमत्तेला काय लाभ? उलट मुलगाच गहाणखत रद्द करून मागायला आला, तर कलम 33(1) लागतं. तिथे मिळालेला लाभ परत करायला आणि न्याय्य वाटेल ती भरपाई द्यायला न्यायालय सांगू शकतं. दोन्हीकडे ‘शकतं’ आहे. दोन्हीकडे गहाणखत शून्यच आहे. परतफेड कराराच्या पोटातून येत नाही, ती न्यायालयाच्या विवेकातून येते. म्हणून ‘शून्य, पण न्यायालय लाभ परत करायला सांगू शकतं’ असा पर्याय असेल तर तोच बरोबर. ‘कलम 65 प्रमाणे परत करावेच लागतील’ हा पर्याय भरवशाचा वाटतो, कारण 65 मध्ये ‘शून्य’ हा शब्द आहे. तो चुकीचा आहे. मुलाच्या गरजेच्या वस्तूंचा प्रश्न असेल तर कलम 68. तिथेही वसुली त्याच्या मालमत्तेतून होते, त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी येत नाही.

‘शून्यकरणीय’ला एक खरी जागा मात्र आहे, आणि आपल्याकडच्या जमिनींच्या व्यवहारांत ती सारखी भेटते. याच मुलाची जमीन आईने नैसर्गिक पालक म्हणून न्यायालयाची परवानगी न घेता विकली, तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 8 लागतं आणि विक्री मुलाच्या इच्छेने शून्यकरणीय ठरते. इथे करार अज्ञानाने केलेला नाही, पालकाने केला आहे. प्रश्नात ‘अज्ञानाची जमीन’ एवढंच वाचून ‘शून्य’ लिहिणारे इथे पडतात. तेव्हा सही कोणाची आहे, हे आधी बघायचं. ही विक्री झुगारायला मुलाने सज्ञान झाल्यावर दावा लावलाच पाहिजे का, यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये शिवप्पा विरुद्ध नीलम्मा या दावणगेरेच्या प्रकरणात सांगितलं: तशी गरज नाही, ठरलेल्या मुदतीत तीच मालमत्ता स्वतः दुसऱ्याला विकण्यासारख्या स्पष्ट वर्तनातूनही ती झुगारता येते. जुन्या उत्तरपत्रिकांत ‘दावा आवश्यक’ असं छापलेलं असेल, तर तेवढी ओळ आता खोडून टाकायला हवी.