‘आज रात्रीच निघा’ म्हणणाऱ्याला विचारायचे प्रश्न

झरी आणि आसपासच्या गावांतील आपली मुले बारावी किंवा आयटीआय झाली की चाकण, रांजणगाव, वाळूजची वाट धरतात. शेत नाही, असले तर कोरडवाहू, आणि परभणीत कारखाने मोजकेच. म्हणून कोणी ‘कंपनीत भरती आहे’ म्हटले की मुलगा कागद घेऊन परभणीला मुलाखतीला जातो. घरची माणसे विचारतात ती एकच गोष्ट: झाले का सिलेक्शन? आमचे म्हणणे असे, की त्या दिवशी मुलाची जशी परीक्षा होते, तशी त्या नोकरीचीही परीक्षा करता येते. खोट्या नोकरीचे सोंग बहुतेक वेळा त्या टेबलावरच उघडे पडते. फक्त कुठे बोट ठेवायचे, ते ठाऊक हवे.

पहिला प्रश्न साधा आहे: माझा मालक कोण? मुलाखत घेणारा मोठ्या कंपनीचे नाव घेतो, भिंतीवर तिचा फलक असतो, पण पगार मात्र कंत्राटदार देणार असतो. कंत्राटी काम म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. आज कारखान्यांतील पुष्कळ कामे कंत्राटदारामार्फतच मिळतात. खूण आहे ती उत्तर टाळण्याची. ‘पीएफ कोणाच्या नावाने भरला जाईल?’ असे विचारावे. सरळ माणूस कंत्राटदाराचे पूर्ण नाव आणि काम कोणत्या कारखान्यात, हे लगेच सांगतो. ‘ते जॉइन झाल्यावर कळेल’ हे उत्तर आले, तर तेच आपले उत्तर समजावे.

ही दोन्ही नावे लिहून घेण्याला कारण आहे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ कंपनीने द्यावी, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या कामगार संहितेतही आहे. पण मूळ कंपनीचे नावच ठाऊक नसेल तर मागायचे कोणाकडे? शिवाय नाव मिळाले की घरी बसून पडताळता येते. पीएफ कार्यालयाच्या संकेतस्थळावर `Establishment Search` म्हणून जागा आहे. तिथे नाव टाकले की ती संस्था नोंदलेली आहे का, कोणत्या महिन्याचा पीएफ भरला आणि किती माणसांचा भरला, हे दिसते. साहेब ‘आमच्याकडे पाचशे पोरे आहेत’ म्हणतो आणि तिथे बाराच माणसांचा भरणा दिसतो, तर उरलेल्यांचे काय, हे विचारायलाच हवे.

दुसरा प्रश्न पैशाचा. ‘अठरा-साडेअठरा पडतात’ हे उत्तर नव्हे. समजा, झरीच्या एका मुलाला महिना 18,688 रुपये सांगितले. तो घरी येऊन तोच आकडा सांगतो आणि आई त्यावर धाकटीच्या फीचा हिशेब बांधते. पण त्या आकड्यात मालकाने भरायचा पीएफ व त्यावरील आकार मिळून 1,950 रुपये, मालकाच्या वाट्याचा ईएसआय 488 आणि वर्षाने मिळणाऱ्या बोनसचा महिन्याचा भाग 1,250 धरलेला असतो. ते वजा केले की खरा पगार 15,000 उरतो. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ 1,800, ईएसआय 113 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात येतात 12,887. खोली आणि खाणावळ अजून बाकीच आहे. पीएफ हा आपलाच पैसा आहे, तो कापला जाणे चांगलेच. पण गावी पाठवायचे पैसे हातातल्या रकमेतूनच निघतात. म्हणून ‘महिनाअखेर बँकेत किती जमा होतील?’ असेच विचारावे आणि आकडा त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावा. लिहायला हात आखडतो तिथे सावध व्हावे.

याच प्रश्नाला जोडून विचारावे: हा पगार आठ तासांचा की बारा तासांचा? बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती 1946 ची. आजही कारखान्यात त्यापलीकडच्या जादा तासाला दुप्पट दर द्यावा लागतो. वरच्याच मुलाचा हिशेब करू. 15,000 ला 26 दिवसांनी आणि मग आठ तासांनी भागले की तासाला सुमारे 72 रुपये होतात, म्हणजे ओव्हरटाइमला सुमारे 144 हवेत. ‘ओव्हरटाइम भरपूर आहे’ असे तो आनंदाने सांगेल, पण दर विचारल्यावर 72 च सांगितले, किंवा ‘बारा तास पगारातच धरलेत’ म्हणाला, तर जादा कामाचा मोबदला आधीच गिळलेला आहे.

तिसरी खूण घाईची. दहा मिनिटांत निवड, काम काय ते धड सांगितलेले नाही, आणि लगेच ‘आज रात्रीच्या गाडीने निघा, उद्या जागा भरतील’. कारखान्याला खरोखरच तातडीने माणसे लागतात, तेव्हा नुसत्या घाईने दचकू नये. पण घाईबरोबर आणखी काही मागितले जाते का, ते पाहावे. आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स मागणे रीतीचे आहे. गणवेशाचे, गेटपासचे, ‘फाइल’चे पैसे आधी मागणे रीतीचे नव्हे. मूळ मार्कशीट, टीसी किंवा जात प्रमाणपत्र ठेवून घेणे तर मुळीच नव्हे. मूळ कागद त्याच्या कपाटात गेले की मुलगा काम सोडू शकत नाही. आपल्या मराठवाड्याला हे नवे नाही. ऊसतोडीची उचल घेतली की टोळी मुकादमाच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. इथे उचलीच्या जागी कागद आले, एवढेच.

अशा वेळी नकार द्यायचीही गरज नाही. ‘घरी विचारून उद्या सकाळी सांगतो, तोवर नेमणूकपत्राचा नमुना द्या’ एवढे म्हणावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेने कारखान्यातील कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे ही मागणी आगाऊपणाची नाही. एका रात्रीची सवड मागितल्यावर जो चिडतो, तो पुढे रजा मागितल्यावर कसा वागेल, याचा अंदाज तिथेच येतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. समोर बसलेला तरुण स्वतःच नोकर असतो, त्याला एखादी गोष्ट खरोखर ठाऊक नसते. ‘विचारून सांगतो’ म्हणून त्याने संध्याकाळी फोन केला, तर ते उत्तम लक्षण. आणि सगळी उत्तरे चोख मिळाली तरी खोली गळकी निघू शकते, सुपरवायझर खडूस निघू शकतो. तिथे काम करणारा आपल्या भागातला एखादा मुलगा गाठून ‘गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला?’ एवढे विचारले तर बरेच कळते.

घरात चूल पेटायची असते, तेव्हा संशय आला तरी जावे लागते, हे आम्ही जाणतो. तसे जाणाऱ्या मुलाच्या मूळ कागदांची पिशवी घरीच ठेवा, झेरॉक्सचे दोन संच त्याच्याजवळ द्या. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात शिवून द्या. कंत्राटदाराचे नाव, कारखान्याचे नाव, सांगितलेला पगार आणि मुलाखतीची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. पहिल्या पगाराच्या दिवशी ते पान उघडा आणि मुलाला आकडा विचारा. फरक पडला तर दुसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.