मुलाखतीआधीचं पत्र, मुलाखतीनंतरची ईमेल

बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी अर्जासोबत जे पत्र जातं, त्यात कौशल्यांची यादी पुन्हा देऊ नये. ती बायोडेटात असतेच. एकच काम नीट सांगावं. उदाहरणार्थ, ‘ग्राहकाच्या जुन्या ऑर्डरी दाखवणारं पान उघडायला ४ सेकंद लागत. डेटाबेस दर वेळी पूर्ण टेबल वाचत होता. ग्राहक क्रमांक आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स केला. आता पान अर्ध्या सेकंदात उघडतं.’ अडचण, कारण, उपाय, परिणाम सगळं यात आलं. मुलाखतीतले प्रश्नही बहुधा यावरूनच निघतात.

समजा, विचारलं गेलं, ‘इंडेक्समध्ये तारीख आधी ठेवली असती तर?’ आणि उत्तर अर्धवट राहिलं. आभाराची ईमेल इथे उपयोगी पडते. ती २४ तासांच्या आत पाठवावी आणि थोडक्यात लिहावी : ‘आजच्या चर्चेबद्दल आभार. रकान्यांच्या क्रमाचा प्रश्न नंतर तपासून पाहिला. तारीख आधी असती, तर एकाच ग्राहकाच्या ऑर्डरी इंडेक्सभर विखुरल्या असत्या. ग्राहक क्रमांक आधी असल्यानं त्या सलग सापडतात. मात्र प्रत्येक नव्या ऑर्डरीबरोबर इंडेक्समध्येही नोंद करावी लागते, हा त्याचा खर्च.’

अशी दुरुस्ती चुकीची निघाली, तर उलट नुकसान होतं. म्हणून `EXPLAIN` चालवून स्वतः खात्री केलेलंच लिहा. मुलाखत घेणाऱ्यांचा पत्ता नसेल, तर एचआरमार्फत पाठवा आणि निकालाची सांगितलेली तारीख उलटेपर्यंत पुन्हा विचारणा करू नका.