उणे चिन्ह म्हणजे आभासी प्रतिमा?

प्रकाशाच्या गणितात v ची किंमत उणे आली की बरीच मुले लगेच ‘प्रतिमा आभासी’ असे लिहून मोकळी होतात. भिंगाच्या बाबतीत, समोर खरी वस्तू ठेवलेली असेल, तर हे उत्तर बरोबर येते. आरशाच्या बाबतीत मात्र ते नेमके उलटे ठरते.

वस्तुस्थिती अशी की कार्टेशियन चिन्ह संकेतातले चिन्ह फक्त दिशा सांगते. वस्तू डावीकडे ठेवायची, आरशाच्या ध्रुवापासून किंवा भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून अंतरे मोजायची. उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण. प्रतिमा वास्तव की आभासी, हे किरण खरोखर कोणत्या बाजूला जातात त्यावर ठरते. आरसा किरण डावीकडे परत पाठवतो, म्हणून त्याची वास्तव प्रतिमा डावीकडे, ऋण बाजूला पडते. भिंगातून किरण पलीकडे जातात, म्हणून भिंगाची वास्तव प्रतिमा धन बाजूला मिळते.

एकच उदाहरण दोन्हींवर करून पाहू. नाभीय अंतर 15 सेमी, वस्तू 10 सेमीवर.

अंतर्गोल आरसा: u = −10, f = −15. सूत्र 1/v + 1/u = 1/f. म्हणून 1/v = −1/15 + 1/10 = 1/30, आणि v = +30 सेमी. प्रतिमा आरशामागे आहे. तिथे किरण पोहोचतच नाहीत, म्हणून ती आभासी.

बहिर्गोल भिंग: u = −10, f = +15. सूत्र 1/v − 1/u = 1/f. म्हणून 1/v = 1/15 − 1/10 = −1/30, आणि v = −30 सेमी. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला आहे आणि तीही आभासीच. दोन्हीकडे प्रतिमा सुलट आणि तिप्पट मोठी, पण v ची चिन्हे विरुद्ध.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो: ‘चिन्हे घालायची तर सगळ्यांनाच घालायची.’ मग आरशाच्या गणितात अज्ञात v लाही आधीच उणे लावले जाते. वरच्या उदाहरणात तसे केले की v = −30 येते, m = −v/u प्रमाणे विशालन −3 होते, आणि प्रतिमा समोर, वास्तव व उलटी ठरते. आकृती काढली की चूक लगेच पकडली जाते: वस्तू नाभी आणि ध्रुव यांच्यामध्ये असताना परावर्तित किरण पसरत जातात, समोर कुठेच एकत्र येत नाहीत. चिन्हे फक्त दिलेल्या राशींना घालावीत. अज्ञात राशीचे चिन्ह सूत्रातूनच बाहेर येते.

आकृतीवरूनही एक गैरसमज होतो. आपण दोनच किरण काढतो, म्हणून वाटते की त्या दोघांमुळेच प्रतिमा तयार होते आणि अर्धे भिंग झाकले तर अर्धी प्रतिमा नाहीशी होईल. प्रत्यक्षात वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले असंख्य किरण भिंगाच्या सर्व भागांतून जातात. अर्धे भिंग काळ्या कागदाने झाकले तरी पडद्यावर प्रतिमा पूर्ण, त्याच जागी आणि तेवढीच मोठी दिसते. फक्त ती अंधूक होते.