९५ टक्के खात्री नेमकी कशाची?

डिसेंबर २०२०मध्ये फायझर-बायोएनटेकच्या कोविड लशीच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या गटात ८ जण आजारी पडले, प्लासिबो म्हणजे नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या गटात १६२. परिणामकारकता ९५ टक्के, मर्यादा ९०.३ ते ९७.६. महिनाअखेरीस मॉडर्नाचा निकाल आला : ९४.१ टक्के, मर्यादा ८९.३ ते ९६.८. दोन्ही मर्यादा ‘९५ टक्क्यांच्या’च. पण मॉडर्नाचा होता कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि फायझरचा क्रेडिबल इंटरव्हल. दिसायला सारखे असले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये लशीची खरी परिणामकारकता ठाम, अचल मानतात. हलतो तो इंटरव्हल. हीच चाचणी पुन्हा पुन्हा घेतली, तर दर वेळी नवी मर्यादा निघेल आणि शंभरातल्या सुमारे ९५ मर्यादांमध्ये खरा आकडा सापडेल. हातात आलेल्या एका मर्यादेत तो आहे की नाही, याची शक्यता ही पद्धत सांगत नाही. येर्झी नेमन यांनी १९३७मध्ये ही कल्पना मांडली तेव्हाच हे बजावलं होतं. ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे, ८९.३ ते ९६.८ या आकड्यांचा नव्हे.

बहुतेकांना हवं असतं ते मात्र हेच : खरा आकडा या मर्यादेत असण्याची शक्यता किती? बेझियन पद्धत त्याचं थेट उत्तर देते, पण त्यासाठी चाचणीआधीचा अंदाज लिहून द्यावा लागतो. फायझरने विचारलं, एकूण रुग्णांपैकी लसवाल्यांचा वाटा किती असेल? लस निरुपयोगी असेल तर निम्मा. त्यांनी सरासरी ४१ टक्के धरला, म्हणजे परिणामकारकता जेमतेम ३० टक्के. सूत्रात तो Beta(0.700102, 1) असा लिहिला जातो. त्याचं वजन दोन रुग्णांहूनही कमी. त्यात ८ आणि १६२ मिळवले की Beta(8.700102, 163), आणि त्याचा मधला ९५ टक्के भाग म्हणजे क्रेडिबल इंटरव्हल. १७० रुग्णांपुढे आधीचा अंदाज पार बुडून गेला.

रुग्ण थोडे असले की तोच अंदाज डोकं वर काढतो. त्याच चाचणीत ७५ वर्षांवरच्यांमध्ये फक्त ५ रुग्ण होते, पाचही प्लासिबो गटातले. त्यांच्यासाठी अहवालात कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला होता : उणे १३.१ ते १००. लस निरुपयोगी असती तरी पाचही जण त्याच गटात निघण्याची शक्यता बत्तिसात एक उरते, आणि दोन्ही टोकांना अडीच-अडीच टक्के सोडणाऱ्या हिशेबात तेवढ्याने शून्य बाद होत नाही. याच पाच रुग्णांना वरचा अंदाज लावून मी गणित केलं, दोन्ही गट सारखे मोठे धरून. खालची मर्यादा ३० टक्क्यांच्या थोडी वर आली. मग ‘कोणताही वाटा सारखाच शक्य’ असा सपाट अंदाज घेतला. ती १५ टक्क्यांवर उतरली.